शिलाई मशीनचे मॉडेल फोटोवरून ओळखणे : सुई, बॉबिन आणि पुस्तिका चुकीची येत असेल तर काय तपासावे

कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत घरोघरी जुनी काळी शिलाई मशीन आहेत. कुणाची आजीची, कुणाची सासूबाईंची, तर कुणी जुन्या बाजारातून घेतलेली. अशा मशीनचे फोटो माझ्याकडे दुरुस्तीच्या आधी येतात आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : या मशीनला कोणती सुई लागते, कोणते बॉबिन लागते आणि हिची माहितीपुस्तिका कुठे मिळेल? फोटोत संपूर्ण मशीन लाकडी टेबलासह दिसते, सोनेरी नक्षी दिसते, कंपनीचे नाव अर्धवट पुसलेले दिसते. एवढ्यावरून उत्तर देता येत नाही, आणि जो देतो त्याचे उत्तर बरेचदा चुकते. तीच चूक पुन्हापुन्हा सुधारताना तपासणीचा जो क्रम माझ्या हाताला बसला, तो इथे मांडत आहे.

लक्षणे

मॉडेल चुकीचे ओळखले गेल्याची लक्षणे मशीन बिघडल्याच्या लक्षणांसारखीच दिसतात. त्यामुळे लोक टेन्शनचे स्क्रू फिरवत बसतात आणि मूळ गोंधळ वाढतो. पुढीलपैकी काही घडत असेल, तर दुरुस्तीआधी ओळख तपासावी.

नवे बॉबिन जागेत बसते, पण वरची सरकती पट्टी पूर्ण मिटत नाही, किंवा मिटली तरी शिवताना खरखर आवाज येतो. कापडाच्या खालच्या बाजूला धाग्याचे गुंते होतात, टेन्शन कितीही बदलले तरी जात नाहीत. नवी सुई बसते, स्क्रूही घट्ट होतो, पण टाके सुटतात किंवा चार बोटे शिवून होताच सुई वाकते. पुस्तिका डाउनलोड होते, पण तिच्यातल्या चित्रात टेन्शनची चकती एका बाजूला आणि तुमच्या मशीनवर दुसऱ्याच बाजूला असते. आणि सर्वांत नेहमीचे म्हणजे दुकानदाराला कंपनीचे नाव सांगून आणलेले बॉबिन बसतच नाही.

या सगळ्यामागे एक समज असतो, की कंपनीच्या नावावरून सुटे भाग ठरतात. प्रत्यक्षात ते खालच्या यंत्रणेवरून ठरतात. एकाच सिंगर नावाखाली लांब शटलची, गोल बॉबिन डाव्या बाजूने घालायची आणि गोल बॉबिन वरून टाकायची अशा तिन्ही प्रकारची मशीन आलेली आहेत. उलट लुधियानाकडून आलेली आणि निरनिराळी नावे लावलेली काळी घरगुती मशीन पाहिली, तर त्यांतली बहुसंख्य आतून एकाच यंत्रणेची असतात. म्हणून मॉडेलचे नाव शेवटी शोधावे आणि बॉबिनची जागा आधी पाहावी.

पहिली तपासणी : फोटोच नीट काढा

यात एक पैसाही लागत नाही आणि निम्मे प्रश्न इथेच सुटतात. मशीनचा पूर्ण फोटो एकच पुरे. त्याखेरीज चार जवळचे फोटो हवेत : सरकती पट्टी उघडून बॉबिनची जागा, सुई जिथे बसते तो सुईदांडा आणि त्याचा स्क्रू, समोरून आणि डावीकडून दिसणारी टेन्शनची चकती, आणि बैठकीवर उजव्या बाजूला खांबाच्या पायथ्याशी कोरलेला क्रमांक. बॉबिनच्या फोटोत शेजारी पट्टी ठेवावी. कॅमेरा वरून सरळ धरावा, कारण तिरक्या फोटोत मापे फसवतात.

कोरलेल्या क्रमांकावर समोरून फ्लॅश मारला, तर काळा रंग चमकतो आणि आकडे नाहीसे होतात. खोलीतला दिवा मंद करून टॉर्च अगदी बाजूने, जमिनीला समांतर धरावा. मग खोदलेल्या कडांवर सावली पडते आणि तीन व आठ यांतला फरक स्पष्ट होतो. तरीही शंका असेल, तर क्रमांकावर पातळ कागद धरून शिसपेन्सिलीने हलके घासावे. कागदावर उमटलेले अक्षर फोटोपेक्षा खात्रीचे असते.

क्रमांकावर मळ असेल तर मऊ कापडाला मशीनचेच तेल लावून पुसावे. स्पिरिट, सॅनिटायझर किंवा काच पुसायचे द्रावण लावू नये. जुन्या सिंगरच्या सोनेरी नक्षीवर लाखेचा पातळ थर असतो आणि अल्कोहोलने तो विरघळतो, नक्षीही त्याबरोबर जाते. सँडपेपर तर अजिबात नको. क्रमांकच घासून गेला, की मशीनची ओळख पटवण्याची सर्वांत पक्की खूण गेली. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे आकार कमी होऊन आकडे धूसर होत नाहीत.

दुसरी तपासणी : बॉबिन कुठून जाते

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून तो जरा सविस्तर घेतो.

सुईखालच्या पाट्याशेजारी पुढे आणि मागे अशा दोन लांब सरकत्या पट्ट्या असतील आणि आत बंदुकीच्या गोळीसारखे टोकदार शटल असेल, तर ते झुलत्या शटलचे मशीन आहे. सिंगरच्या २७, २८, १२७ आणि १२८ या मॉडेलांची ही जात. तिचे बॉबिन लांब असते, साधारण ३३ मिलिमीटर, दोन टोकांना छोट्या चकत्या असलेल्या बारीक दांडीसारखे. या चारही मॉडेलांना बॉबिन एकच लागते, त्यामुळे मॉडेल ठरले नाही तरी बॉबिनची खरेदी अडत नाही.

बॉबिन धातूच्या डबीत घालून, ती डबी बैठकीच्या डाव्या टोकाखाली हात घालून आडवी बसवायची असेल, तर यंत्रणा पंधरा क्लासची आहे. टेन्शनची चकती डाव्या बाजूच्या तोंडावर असते, हीही तिची खूण. आपल्याकडची काळी घरगुती मशीन, मग त्यांच्यावर नाव काहीही असो, बहुसंख्य याच घराण्यातली आहेत. बॉबिनच्या दोन्ही बाजू सपाट असतात, व्यास २० मिलिमीटरच्या थोडा वर आणि उंची साधारण ११.७ मिलिमीटर.

सुईजवळची पट्टी सरकवल्यावर बॉबिन वरून दिसत असेल, तेही वेगळी डबी न काढता थेट आत टाकता येत असेल आणि टेन्शनची चकती पुढच्या बाजूस, शिवणाऱ्याच्या समोर असेल, तर जुन्या काळ्या मशीनच्या बाबतीत ती सहासष्ट क्लासची असण्याची शक्यता मोठी. सिंगरचे ६६, त्याचे छोटे भावंड ९९ आणि २०१ हे तिन्ही सहासष्टचे बॉबिन घेतात.

खरी फसगत इथेच होते. पंधरा आणि सहासष्टच्या बॉबिनचा व्यास जवळजवळ सारखाच असतो. दुकानात दोन्ही शेजारी ठेवली, तर घाईत फरक कळत नाही. फरक असा की सहासष्टच्या दोन्ही बाजू किंचित फुगीर असतात आणि त्याची उंची पंधरापेक्षा थोडी कमी असते. बॉबिन टेबलावर आडवे ठेवून त्याच्या तोंडावर पोलादी पट्टीची कड धरा. पट्टी संपूर्ण टेकली, मध्यभागी उजेड दिसला नाही, तर ते सपाट, म्हणजे पंधराचे. पट्टी मध्यावर टेकून कडेला उजेडाची बारीक फट दिसली, तर ते फुगीर, म्हणजे सहासष्टचे. पंधराचे बॉबिन सहासष्टमध्ये टाकले तर ते वर राहते, धागा कधी ताणला जातो, कधी सैल पडतो आणि खालची शिवण बिघडते. याला टेन्शनचा दोष समजून लोक स्क्रू फिरवतात आणि मग दोन बिघाड होतात.

नव्या पांढऱ्या मशीनच्या बाबतीत काम सोपे असते. मागच्या बाजूला किंवा तळाशी स्टिकरवर मॉडेल क्रमांक छापलेला असतो आणि त्यावरून पुस्तिका मिळते. एवढेच लक्षात ठेवावे, की स्टिकरवरचे नाव आणि झाकणावरचे नाव वेगळे असेल तर स्टिकरवरचे खरे मानावे.

तिसरी तपासणी : सुई

दुकानात जाऊन ‘सोळा नंबरची सुई द्या’ असे म्हणणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. सोळा हा जाडीचा नंबर आहे, जातीचा नव्हे. सुताच्या साध्या कापडाला चौदा, जाड कापडाला सोळा, तलम कापडाला अकरा हे बरोबर. पण एकच सोळा घरगुती जातीतही मिळते आणि कारखान्याच्या मशीनच्या जातीतही. जात वेगळीच सांगावी लागते.

घरगुती मशीनची सुई म्हणजे पाकिटावर

```
HAx1   15x1   130/705 H
```

यांपैकी काही छापलेली. ही तिन्ही एकाच जातीची नावे. तिची दांडी एका बाजूने चपटी असते आणि जाडी सुमारे २.०५ मिलिमीटर. कारखान्यातल्या साध्या शिवणीच्या मशीनच्या सुईवर

```
DBx1   16x231
```

असे छापलेले असते. तिची दांडी पूर्ण गोल आणि सुमारे १.६२ मिलिमीटर जाड. दुकानांतली मोठी टेलर मशीनही बऱ्याचदा गोल दांडीचीच सुई घेतात, म्हणून तिथे जुनी सुई पाहिल्याशिवाय बोलू नये.

आता गोल दांडीची सुई घरगुती मशीनमध्ये बसते का? बसते, आणि तीच अडचण आहे. छिद्र मोठे आणि दांडी बारीक, त्यामुळे ती सहज आत जाते आणि स्क्रूही तिला धरून ठेवतो. पण ती मध्यावर न राहता एका भिंतीला चिकटून बसते. चपटी बाजू नसल्यामुळे तिचा डोळा नेमक्या दिशेला राहत नाही, चाक फिरता फिरता ती थोडी वळते. मग शटलचे टोक धाग्याचा फास पकडायला येते तेव्हा फास जागेवर नसतो आणि टाका सुटतो. उलट दिशेने चूक होत नाही, कारण चपटी जाड दांडी बारीक छिद्रात जातच नाही. म्हणून जुनी सुई काढून बोटांत फिरवून पाहावी. एका बाजूला सपाटपणा लागला, तर घरगुती जात. जुनी सुईही कुणीतरी चुकीची बसवलेली असू शकते, ही शंका मात्र मनात ठेवावी. मशीन आधीपासून टाके सोडत असेल तर त्या सुईवर विश्वास ठेवू नये.

सुई कोणत्या दिशेने बसवायची हे पुस्तिका नसतानाही कळते. सुईवर एका बाजूने लांब खोबण असते. सुईदांड्याजवळचे शेवटचे धागा-अडकवण ज्या बाजूला असेल, त्या बाजूला ही खोबण हवी, कारण धागा त्याच बाजूने डोळ्यात शिरतो. चपटी बाजू आपोआप तिच्या विरुद्ध जाते.

चौथी तपासणी : क्रमांकावरून मॉडेल आणि पुस्तिका

बॉबिन आणि सुई ठरल्यावरच क्रमांकाकडे वळावे. सिंगरच्या बाबतीत क्रमांकाआधीचे अक्षर बरेच सांगते. वाय अक्षराने सुरू होणारे क्रमांक स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्याचे, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९३५ पर्यंतचे. १९३५ पासून तिथे ई अक्षराने सुरू होणारी दोन अक्षरांची मालिका आली. मॉडेलच्या मागे लागणारे के हे अक्षर किलबोवीचेच, म्हणून ६६के, १५के. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला. अक्षर नसून केवळ आकडे असतील तर मशीन १९०० पूर्वीचे असते.

दोन मर्यादा लक्षात घ्याव्यात. क्रमांक कारखान्यात गठ्ठ्याने वाटले जात, त्यामुळे यादीतली तारीख ही क्रमांक वाटल्याची असते, मशीन तयार झाल्याची नव्हे. आणि आपल्याकडे जुने डोके रंगवून त्यावर नवे स्टिकर लावून विकण्याची पद्धत आहे. ज्यावर सिंगर लिहिले आहे पण खाली पंधरा क्लासची भारतीय यंत्रणा आहे, अशा मशीनचा क्रमांक कोणत्याच यादीत बसत नाही. मग क्रमांकाचा नाद सोडून पंधरा क्लासची कोणतीही चांगली पुस्तिका वापरावी. तेल घालण्याच्या जागा, धागा ओवण्याची वाट आणि टेन्शन जवळजवळ तेच असते.

सिंगरच्या क्रमांकांच्या याद्या आंतरराष्ट्रीय शिलाई मशीन संग्राहक संघटनेने, म्हणजे ISMACS ने, ठेवल्या आहेत. जुन्या पुस्तिका सिंगरच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून मिळतात. शोधताना कंपनीचे नाव, मॉडेल आणि के हे अक्षर जोडून टाकावे :

```
Singer 66K manual
```

मशीनच्या क्रमांकाने पुस्तिका शोधू नये. क्रमांक मॉडेलपर्यंत नेतो आणि मॉडेल पुस्तिकेपर्यंत.

एक उदाहरण

कागलहून एका ताईंचा निरोप आला, ‘दादा, सासूबाईंचं सिंगर आहे. दुकानातून सिंगरचंच बॉबिन आणलंय, पण शिवताना खाली गुंता होतोय. टेन्शन बिघडलंय का?’ सोबत संपूर्ण मशीनचा एक फोटो होता, त्यात बॉबिनची जागा पट्टीखाली झाकलेली. टेन्शनची चकती मात्र समोरच्या बाजूला दिसत होती. एवढ्यावरून पंधराची शक्यता बाजूला पडली. मी त्यांना पट्टी सरकवून वरून फोटो काढायला आणि क्रमांकावर बाजूने टॉर्च धरायला सांगितले.

दुसऱ्या फोटोत गोल बॉबिन वरून दिसले आणि त्याची कड आजूबाजूच्या धातूपेक्षा वर आलेली होती. क्रमांकाच्या सुरुवातीला वाय होते. ताईंनी आणलेल्या बॉबिनवर पट्टी ठेवून फोटो पाठवला, तेव्हा पट्टी संपूर्ण टेकली होती. म्हणजे बॉबिन पंधराचे होते आणि दुकानातही चूक कोणी जाणूनबुजून केली नव्हती, कंपनीच्या नावावर बॉबिन मागितले गेले होते.

आता ६६ की ९९ हा प्रश्न उरला. बॉबिनसाठी त्याने काही फरक पडत नव्हता, पण पुस्तिकेसाठी पडत होता. ताईंनी लाकडावर बसलेल्या लोखंडी बैठकीची लांबी मोजली, ती साडेचौदा इंच भरली. पूर्ण आकाराच्या सिंगरची बैठक एवढीच असते. ९९ बरेच आखूड असते. टाक्याची लांबी बदलायला खांबावर फिरवायचा स्क्रू होता, वर-खाली करायचा दांडा नव्हता, म्हणून २०१ ही शक्यताही मागे पडली. उत्तर ६६के. त्यांनी सहासष्ट क्लासची दोन बॉबिन आणली, आधी घरी बसवून पाहिली आणि मगच आणखी घेतली. टेन्शनचे स्क्रू त्यांनी मूळ जागेवरून हलवले नव्हते, त्यामुळे बॉबिन बदलताच गुंता थांबला.

दुकानात जाताना

सोबत जुने बॉबिन आणि जुनी सुई नेणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. महाद्वार रोडवर असो की गडहिंग्लजला, काउंटरमागच्या माणसाला नावापेक्षा वस्तू लवकर कळते. जुने काहीच नसेल तर ‘पंधरा क्लास’ किंवा ‘सहासष्ट क्लास’ आणि सुईसाठी ‘एचए बाय एक, चपटी’ असे सांगावे. एक-दोन नग आणून तपासल्याशिवाय पूर्ण डबा घेऊ नये. बॉबिन मिळत नाही म्हणून उद्यमनगरातल्या लेथवर करून घेण्याचा मोह होतो. तिथले कारागीर उत्तम आहेत, पण बॉबिनची भिंत किंवा मधले छिद्र केसाएवढे चुकले तरी ते डुगडुगते. गोल बॉबिन सोडाच, लांब बॉबिनही बाजारात तयार मिळतात, तेव्हा त्यात पडू नये.

कुठे थांबावे

नवी सुई बसवल्यावर धागा न ओवता, पाऊल वर ठेवून, चाक हाताने हळू एक पूर्ण फेरा फिरवावे. सुई शटलला किंवा पाट्याला टेकल्याचा बारीक टकटक आवाज आला, तर पायडल मारू नये. सुईची जात आणि दिशा पुन्हा पाहावी; दोन्ही बरोबर असूनही आवाज येत असेल, तर सुईदांड्याची उंची किंवा शटलची वेळ हललेली आहे. सुईदांड्याचा स्क्रू सोडून स्वतः उंची बदलू नये. एकदा मूळ जागा हरवली, की ती पुन्हा बसवायला कारागिराला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो.

अगदी जुन्या, व्हायोलिनसारख्या कमरेच्या बैठकीच्या सिंगरपैकी काहींची सुई वेगळ्याच जातीची असते आणि आजची घरगुती सुई त्यात बरोबर चालत नाही. ती मिळेपर्यंत मशीन चालवू नये. बॉबिनची डबी किंवा सहासष्टमधला बॉबिन ठेवायचा आतला भाग नसेल, तर तो फोटोवरून मागवू नये. तो त्या मशीनमध्ये बसवूनच घ्यावा लागतो. जुन्या मशीनला नंतर मोटर लावलेली असेल आणि वायरचे आवरण तडकलेले असेल, तर आधी प्लग काढावा आणि वीजकाम जाणणाऱ्याला बोलवावे, सुई-बॉबिनचा विषय त्यानंतर. कारागिराकडे नेताना मशीनचे डोके आणि त्यात बसवलेली सुई, बॉबिन, डबी जशीच्या तशी न्यावीत. आधी काय बदलले ते त्याला सांगावे आणि क्रमांकाचा कागदावर उमटवलेला ठसाही सोबत द्यावा.